‘सव्वा महिन्यानं आणा’ हे बंद व्हायला हवं

नागपुरातल्या बऱ्याच प्रसूतिगृहांत बाळाला घरी सोडण्याआधी त्याच्या कानात एक बारीक नळी घालून ओएई नावाची तपासणी करतात. यंत्र कानात टिकटिक सोडतं, आतल्या कर्णशंखाकडून येणारा अगदी क्षीण प्रतिसाद टिपतं आणि पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ असं उमटतं. रेफर आलं की घरच्यांचे चेहरे पडतात आणि त्यांना धीर देणारं वाक्य ठरलेलं असतं: “काही नाही जी, जन्मल्यावर कानात पाणी असते. सव्वा महिन्यानं आणा, पुन्हा पाहू.”

यातला पाण्याचा भाग खरा आहे. नवजात बाळाच्या कानात गर्भजल आणि चिकट पांढरा थर राहतो, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत रेफर आलेली बरीच बाळं नंतर पास होतात. माझा आक्षेप सव्वा महिन्याला आहे. श्रवणतपासणीच्या कामात माझा दिवस जातो, आणि त्या वाक्यामुळे एक साधा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिलेली बाळं माझ्यासमोर येत राहतात. या बाळाला पोटात असतानाच सायटोमेगॅलोव्हायरसची, म्हणजे सीएमव्हीची, लागण झाली होती का? या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर जन्मानंतर २१ दिवसांच्या आतच मिळतं. बाविसाव्या दिवशी तेच बाळ, तीच लघवी आणि तीच प्रयोगशाळा असली तरी उत्तराला अर्थ उरत नाही.

२१ हा आकडा आला कुठून, हे पालकांना क्वचितच कोणी सांगतं. सीएमव्ही हा हर्पिसच्या कुळातला विषाणू. एकदा अंगात शिरला की तो जन्मभर मुक्काम करतो. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. साध्या तापासारखा येतो आणि कळतही नाही. अशा आईच्या दुधातून तो बाळंतपणानंतर बाहेर पडतो आणि बाळाला त्याची लागण होऊ शकते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला त्या लागणीने काहीच होत नाही, म्हणून दूध तोडायचा प्रश्नच येत नाही. मात्र दुधातून किंवा जन्ममार्गातून आलेला विषाणू बाळाच्या लघवीत आणि लाळेत दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. त्याआधीच तो सापडला तर तो पोटातूनच आला, हे नक्की. त्यानंतर सापडला तर तो पोटातून आला की दुधातून, हे कोणालाच सांगता येत नाही. पोटातून आलेला विषाणू कानाला आणि मेंदूला इजा करतो, दुधातून आलेला करत नाही. सगळा खेळ या फरकाचा आहे.

जगभरात दर शंभर-दोनशे जन्मांमागे एका बाळाला जन्मजात सीएमव्ही असतो. त्यातल्या दहापैकी साधारण नऊ बाळांमध्ये जन्मताना काहीच दिसत नाही. उरलेल्या एकात वजन कमी, डोकं लहान, अंगावर लालजांभळे ठिपके, प्लेटलेट घसरलेले, यकृत-प्लीहा वाढलेली, कावीळ, असं काही ना काही असतं. पण ही लक्षणं इतर दहा कारणांनीही होतात, त्यामुळे ‘बारीक बाळ आहे, इन्फेक्शन असेल’ एवढ्यावर निभावून जातं. विषाणू आतल्या कानातल्या ज्या पेशी तिथल्या द्रवातलं पोटॅशियम सांभाळतात त्यांच्यात शिरतो आणि ऐकू येण्याची यंत्रणा हळूहळू बंद पाडत नेतो. हळूहळू हा इथे कळीचा शब्द. जन्मतः ठणठणीत ऐकणारं मूलही दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत ऐकणं गमावू शकतं, किंवा एक कान आधी जातो आणि दुसरा वर्षा-दोन वर्षांनी.

एक फाइल उघडून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईची पहिली खेप, दिवस पूर्ण, पण बाळाचं वजन २ किलो २०० ग्रॅम. पोटावर आणि मांड्यांवर बारीक जांभळट ठिपके होते, ते घरच्यांनी घामोळ्या समजून सोडून दिले. डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट ६२ हजार निघाले, ते चार दिवसांत आपोआप चढले, म्हणून पाचव्या दिवशी सुट्टी झाली. ओएईत उजवा कान पास, डावा रेफर. डिस्चार्ज कार्डावर कोपऱ्यात लिहिलं होतं: ‘सव्वा महिन्यानंतर फेरतपासणी’. बाळंतीण उमरेडकडे माहेरी गेली. बाराव्या दिवशी बारसं झालं. सव्वा महिना ती घराबाहेर पडणार नव्हतीच. पुढे बाळाला सर्दी, मग सणवार, आणि बाळ माझ्याकडे आलं ते तिसऱ्या महिन्यात.

बेरा तपासणीत बाळाला दूध पाजून झोपवतात, कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, हेडफोनमधून आवाज देतात आणि मेंदूच्या मुळापर्यंत पोचणाऱ्या विजेच्या लाटा पडद्यावर पाहतात. त्यातली पाचवी लाट महत्त्वाची. उजव्या कानात ती ३० डेसिबलपर्यंत स्वच्छ दिसत होती. डाव्यात ८० डेसिबललासुद्धा रेघ सपाट. आजी शेजारी बसून पडद्याकडे बघत होती. ती म्हणाली, “बाई, थाळी वाजवली त दचकते न ते.” बरोबरच होतं. एक कान चांगला असला की थाळीला बाळ दचकणारच. घरची थाळीची परीक्षा एका कानाचं बहिरेपण कधीच पकडत नाही.

ठिपके, प्लेटलेट, कमी वजन आणि एका बाजूचं बहिरेपण एका ओळीत मांडलं की संशय सीएमव्हीकडेच जातो. बालरोगतज्ज्ञांनी टाळूवरून सोनोग्राफी केली, तर मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला चुन्यासारखे कण दिसले. लघवीची पीसीआर, म्हणजे थेट विषाणूच शोधणारी तपासणी केली, ती पॉझिटिव्ह आली. पण बाळ तीन महिन्यांचं होतं आणि आईचं दूध पीत होतं, त्यामुळे त्या पॉझिटिव्हचं काय करायचं? फाइलवर ‘बहुधा’ एवढंच लिहिता आलं. औषधाची वेळही टळली होती. चौदाव्या महिन्यात उजव्या कानाचा उंबरठा, म्हणजे त्याला ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज, ५५ डेसिबलवर गेला. दोन्ही कानांना यंत्रं बसवली. उजवा कान खालावतोय हे वेळेत कळलं, कारण आम्ही संशयावर भिस्त ठेवून दर तीन महिन्यांनी तपासत राहिलो. संशय घेण्याइतकं काही बाहेर दिसत नसतं, तर ती तपासणी झालीच नसती.

त्याच फाइलमध्ये आणखी एक कागद आहे, आणि तो पाहिला की माझं डोकं तापतं. तिसऱ्या महिन्यातच कुठेतरी बाळाच्या रक्ताची ‘टॉर्च’ तपासणी केली होती. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस यांच्या प्रतिपिंडांचे आकडे एका रांगेत. आयजीजी म्हणजे लागण होऊन गेल्यावर टिकून राहणारं प्रतिपिंड, आयजीएम म्हणजे ताज्या लागणीत आधी दिसणारं. सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम सगळे निगेटिव्ह. आयजीजी आईकडून नाळेतून बाळाला मिळते आणि काही महिने रक्तात राहते. म्हणजे त्या कागदाने सांगितलं एवढंच, की आईला हे आजार कधीतरी होऊन गेले किंवा लस मिळाली. सीएमव्हीची आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून बाळ सुटलं, असंही होत नाही. जन्मजात लागण असलेल्या कितीतरी बाळांत ती सापडत नाही. जन्मजात सीएमव्ही शोधायचा तर विषाणूच शोधावा लागतो, लघवीत किंवा लाळेत, पीसीआरने. प्रतिपिंडं मोजून तो सापडत नाही.

टॉर्च हे नाव आंद्रे नाह्मियास यांनी १९७१ मध्ये सुचवलं. नवजात बाळात सारखी लक्षणं करणारे आजार एका दमात आठवावेत, एवढाच त्याचा हेतू होता. आपल्याकडे त्याचं पॅकेज झालं. रामदासपेठ-धंतोलीच्या कोणत्याही फार्मसीत उभं राहा, हातात टॉर्चचा रिपोर्ट घेतलेलं एखादं जोडपं दिसेल. दोनदा गर्भपात झाला, की टॉर्च. दिवस राहिले, की टॉर्च. सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आली की सून घाबरते, सासू सगळ्या पै-पाहुण्यांना सांगत सुटते आणि विषाणूवरची गोळी सुरू होते. भारतातल्या बहुसंख्य बायकांत ही आयजीजी पॉझिटिव्हच असते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि गोळी घेण्यासारखंही काही नाही. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण या यादीत शोधायचं नसतं, हे प्रसूतिशास्त्राच्या मार्गदर्शक सूचना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. आयजीएम पॉझिटिव्ह आली तरी ती महिनोन्महिने रेंगाळते, कधी खोटीही असते. ती खरी आहे का, हे ठरवायला ॲव्हिडिटी नावाची पुढची चाचणी करतात, म्हणजे प्रतिपिंड विषाणूला किती घट्ट धरतं ते पाहतात. पकड सैल असेल तर लागण गेल्या तीन-चार महिन्यांतली. पहिल्या तिमाहीतच पकड घट्ट निघाली, तर लागण दिवस राहण्याआधीची. ही चाचणी न करता केवळ आयजीएमच्या जोरावर गर्भ पाडण्याचा सल्ला देणं म्हणजे गुन्हाच म्हणायला हवा, आणि असे सल्ले दिले जातात हे मी माझ्याकडे येणाऱ्या आयांकडूनच ऐकलं आहे.

टॉर्चच्या त्या रांगेतला एक आकडा मात्र खरंच कामाचा आहे, तो रुबेलाचा, आणि तोही दिवस राहण्याआधी. रुबेलाची गोष्ट सीएमव्हीच्या अगदी उलट. १९४१ मध्ये सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता हे त्यांनी जुळवलं आणि ७८ बाळांची नोंद छापली. पोटातल्या बाळाला विषाणूमुळे व्यंग येऊ शकतं, हे जगाला तिथून कळलं. पहिल्या दहा-बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला तर ८० ते ९० टक्के बाळांना इजा होते. त्याच आठवड्यांत डोळ्यांचं भिंग, हृदय आणि आतला कान घडत असतात, आणि विषाणू पेशींची वाढच मंदावतो. म्हणून मोतीबिंदू, जन्मानंतर बंद न होणारी हृदयाजवळची नलिका आणि बहिरेपण हे त्रिकूट एकत्र दिसतं. अठराव्या आठवड्यानंतर तोच रुबेला झाला तर धोका जवळजवळ संपतो.

आणि रुबेलाला लस आहे. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस सुरू झाली आणि नऊ महिने ते पंधरा वर्षांखालच्या मुलांना एकेक डोस मिळाला. त्यानंतर ती नेहमीच्या लसीकरणात आली, नववा महिना आणि मग दीड वर्षाच्या आसपास. पण जरा हिशेब करा. २००३ च्या नोव्हेंबरआधी जन्मलेल्या मुली त्या मोहिमेच्या वयात बसल्याच नाहीत. आज नागपुरात ज्या पोरी लग्न करून दिवस राहण्याची वाट पाहतायत, त्यांतल्या बऱ्याच याच वयाच्या. त्यांच्यापैकी बहुतेकींना लहानपणी रुबेला होऊन गेलेला असेल, पण सगळ्यांना नाही. दिवस राहण्याआधी रुबेला आयजीजी करा, निगेटिव्ह असेल तर लस टोचा, आणि पुढे एक महिना दिवस राहू देऊ नका. गरोदरपणात ही लस देत नाहीत, म्हणून ती आधीच. लग्न ठरल्यावर कुंडली बघायला वेळ असतो, तर एवढ्याला का नसावा? रुबेलाचं काम सरकारी यंत्रणेने बऱ्यापैकी अंगावर घेतलं आहे, उरलं ते कुटुंबांनी घ्यावं. जसजसा रुबेला मागे हटेल तसतसा जन्मजात बहिरेपणाचं कारण म्हणून सीएमव्हीचा वाटा पुढे येत जाईल, आणि त्याला लस नाही.

सीएमव्हीबाबत गरोदर बाईला सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती प्रयोगशाळेतली नाही. हा विषाणू सगळ्यात जास्त मिळतो तो दीड-तीन वर्षांच्या लेकराच्या लाळेत आणि लघवीत. मोठ्या लेकराचं उष्टं खाणं, त्याच्या चमच्याने खाणं, त्याच्या तोंडावर मुके घेणं आणि लंगोट बदलून हात न धुणं, हे पहिल्या तीन महिन्यांत टाळावं. ‘आईनं लेकराचं उष्टं खाल्लं तर काय झालं’ असं आपल्या घरात सर्रास म्हणतात, त्यामुळे हे सांगणं सोपं नाही, ठाऊक आहे. आणि आधी सीएमव्ही होऊन गेलेल्या बाईलाही सूट नाही. जुना विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा त्याचाच दुसरा प्रकार नव्याने शिरू शकतो. आपल्याकडची जन्मजात सीएमव्हीची बहुतेक बाळं आधीच पॉझिटिव्ह असलेल्या आयांच्याच पोटी जन्मतात. आईच्या रक्तातल्या आयजीजीवर विसंबून इथे ना भीती बाळगता येते, ना निश्चिंत राहता येतं. शोध बाळातच घ्यावा लागतो.

आता विरोधातलं म्हणणं. बालरोगतज्ज्ञ मैत्रीण मला म्हणते, “कळून तरी काय करणार? औषध जेमतेम आहे.” तिचं म्हणणं हवेतलं नाही. व्हालगॅन्सिक्लोव्हिर हे तोंडाने देण्याचं औषध आहे, दर किलो वजनाला १६ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सहा महिने. ते पहिल्या महिन्यात सुरू करायचं असतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ९६ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांपेक्षा सहा महिने औषध दिलेल्या बाळांचं ऐकणं आणि भाषा दोन वर्षांनी काहीशी बरी होती. काहीशीच. औषधाने पांढऱ्या पेशी घसरतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ज्या बाळाला बहिरेपणाखेरीज काहीच लक्षण नाही, त्याला हे द्यावं की नाही यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, आणि लक्षणंच नसलेल्या बाळाला ते देत नाहीत. तीन महिन्यांनी, वर्षाने सुरू करून उपयोग होतो, असंही दिसलेलं नाही.

तरीही मला मैत्रिणीचं पटत नाही, कारण ती कळण्याची किंमत फक्त औषधात मोजते. जन्मजात सीएमव्ही आहे हे कळलेल्या बाळाचे कान पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर शाळेच्या वयापर्यंत वर्षातून एकदा तपासले जातात. दुसरा कान खालावायला लागला की महिन्या-दोन महिन्यांत यंत्र बसतं. तेच कळलं नाही, तर दुसरा कान गेल्याचं घरच्यांना कळतं ते मूल अडीच वर्षांचं होऊनही बोलत नाही म्हणून, आणि तेव्हाही ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ असं म्हणत आणखी सहा महिने जातात. भाषेसाठी पहिली तीन वर्षं सोन्याची असतात. नुसत्या एका पीसीआरने ती वाचतात. शिवाय कारण कळलं की आईच्या मनावरचं एक ओझं उतरतं. ग्रहण, पपई आणि पाहिलेला साप, यांतलं काय नडलं याचा शोध घरात थांबतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सरकारी दवाखान्यांत नेहमी येतो. सगळ्याच नवजात बाळांची सीएमव्ही तपासणी करा, असं मी म्हणत नाही. कॅनडातल्या ओंटारियोने २०१९ पासून आणि अमेरिकेतल्या मिनेसोटाने २०२३ पासून ती सुरू केली आहे. आपल्याला आज ते झेपणार नाही. मी म्हणते ते अमेरिकेतल्या युटा राज्याने २०१३ मध्ये कायद्याने केलं: कानाच्या तपासणीत नापास झालेल्या बाळाचीच सीएमव्ही पीसीआर, २१ दिवसांच्या आत. याने सगळी बाळं सापडणार नाहीत. ज्यांचं ऐकणं नंतर जाणार आहे, ती जन्मतः पास होतात आणि या जाळ्यातून निसटतात. जी सापडतील ती मात्र नक्की सापडतील. त्यात जन्माच्या वेळी फारच कमी वजन, लहान डोकं, जांभळे ठिपके किंवा कारण न कळलेले कमी प्लेटलेट असलेली बाळं जोडली, तरी ही संख्या आज शहरात होणाऱ्या टॉर्चच्या संख्येपुढे काहीच नाही. अर्ध्या अनावश्यक टॉर्च बंद केल्या तरी पैसा निघेल, असं माझं मत आहे.

यंत्रांची तर अडचणच नाही. २०२० मध्ये मेयो, एम्स, मेडिकल आणि नीरी यांनी याच शहरात पीसीआर करून दाखवली. कापसाची काडी बाळाच्या गालाच्या आतून फिरवायची, एवढंच नमुना घेण्याचं काम आहे. एकच पथ्य आहे, बाळ दूध प्यायल्यावर निदान एक तास थांबायचं, नाहीतर दुधातलाच विषाणू काडीला लागतो आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. लाळ पॉझिटिव्ह आली तर त्याच मुदतीत लघवीने खात्री करायची.

मग अडतं कुठे? सव्वा महिन्यात. बाळंतिणीला घराबाहेर काढायचं नसेल तर काढू नका, त्यावर मला भांडायचं नाही. घरी जाणारं कोणीतरी आधीच आहे. आशाताई घरी नवजात बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी जातेच. रेफर आलेल्या बाळाची फेरतपासणी दवाखान्यातून सुट्टी होण्याआधीच एकदा आणि दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत दुसऱ्यांदा व्हायला हवी. ते जमलं नाही, तर लाळेचा नमुना चौदाव्या दिवसाच्या भेटीत घरीच घेता येईल; त्यासाठी आशाताईला काडी, नळी आणि अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण २०१३ पासून यादीत आहेच, जिल्हा पातळीवरची शीघ्र हस्तक्षेप केंद्रंही त्यातच येतात. यादीत नाही ती तारीख. कानाच्या कार्यक्रमांत सगळीकडे शिकवतात ते गणित एक महिन्यात चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार असं आहे. ते बहिरेपणासाठी ठीक, पण ते प्रामाणिकपणे पाळणारं रुग्णालयसुद्धा सीएमव्हीची खिडकी बंद झाल्यावरच पोचतं.

दर डिसेंबरमध्ये अधिवेशनाला आख्खं मंत्रिमंडळ नागपुरात येतं, निवेदनं घेतं आणि परत जातं. आरोग्य खात्याला माझं निवेदन तीन ओळींचं आहे. शासकीय आणि खासगी, दोन्हीकडच्या डिस्चार्ज कार्डावर ओएईच्या निकालाखाली एक रकाना छापा: ‘रेफर असल्यास लाळेची सीएमव्ही पीसीआर, दिनांक ____ पर्यंत’. त्या रिकाम्या जागी जन्मतारखेत २० मिळवून तारीख भरणं परिचारिकेच्या कामात लिहून टाका. आणि त्या तारखेपर्यंत नमुना आला नाही, तर आशाताईच्या फोनवर निरोप जाईल अशी सोय करा.